सहाव्या लेनची झेंडी

खेळाच्या मास्तराला गणित येत नाही, असं बाकी सगळ्या मास्तरांना वाटतं. सुरतेच्या डिंडोलीतल्या मराठी शाळेत मी वीस-बावीस वर्षं हे ऐकत आलो. स्टाफरूममध्ये कुणी चहा पिता पिता म्हणालं, ‘तुमचं बरं आहे बुवा, शिट्टी मारली की पिरियड संपला,’ की माझं डोकं फिरायचं. मी त्याला विचारायचो, पंधराशे मीटर म्हणजे ट्रॅकचे किती फेरे? तो म्हणायचा, चारशेने भागा, पावणेचार. शाब्बास. मग ते पावणेचार फेरे सुरू कुठून होतात? शेवटची रेषा तर हलत नाही, ती सगळ्या शर्यतींना एकच. मग सुरुवात मागे सरकवायची की पुढे, आणि किती? इथे त्याचा चहा निवायला लागायचा. मग मी शेवटचा दगड टाकायचो. दोनशे मीटरला सहाव्या लेनचा मुलगा पहिल्या लेनच्या मुलापेक्षा इतका पुढे उभा असतो, ते काय त्याच्या मामाचं मैदान असतं म्हणून?

हे सांगताना मला फार गोड वाटायचं. वळणावर बाहेरची लेन लांब पडते, म्हणून बाहेरच्याला तेवढं पुढे उभं करायचं. बघणाऱ्याला वाटतं त्याला सवलत दिली. खरं म्हणजे अंतर सारखं केलेलं असतं. त्या पुढे सरकवण्याला आम्ही स्टॅगर म्हणतो. लेनची रुंदी एक मीटर बावीस सेंटिमीटर. पूर्ण फेरा लेनमध्ये पळायचा असेल तर दुसऱ्या लेनला सात मीटर चार सेंटिमीटर पुढे, मग दर लेनला आणखी सात सदुसष्ट. अर्धा फेरा असेल तर सगळं निम्मं.

हे आकडे छापलेला एक तक्ता माझ्याकडे आहे. व्यायाम महाविद्यालयात शिकताना एका गुरुजींनी दिलेला, प्लास्टिकमध्ये घालून ठेवलेला, माझ्या पोरांपेक्षा वयाने मोठा. गुरुजी म्हणायचे, ‘मैदान बदललं तरी तक्ता बदलत नाही.’ आणि ते खरं होतं. वर्तुळ लहान असो की मोठं, त्याच्या बाहेर तेवढ्याच अंतरावर दुसरं वर्तुळ काढलं की घेरातला फरक तेवढाच येतो. आतल्या वर्तुळाची त्रिज्या वजाबाकीत उडून जाते. मी हे फळ्यावर करून दाखवायचो आणि गणिताच्या मास्तरांकडे बघायचो.

हा माझा माज सांगितल्याशिवाय पुढचं सांगता येणार नाही.

झोनच्या शालेय स्पर्धा दरवर्षी मोठ्या स्टेडियमवर व्हायच्या. चारशेचा ट्रॅक, आठ लेन, सगळं जागच्या जागी. त्या वर्षी दोन दिवस आधी संयोजकांचा फोन आला. संयोजक म्हणजे एका गुजराती शाळेचे आचार्य, म्हणजे मुख्याध्यापक. माणूस गोड, पण कामाच्या वेळी हाताला लागत नाही असा. म्हणाले, ‘साहेब, स्टेडियम तो गरबामां गयुं.’ नवरात्र तोंडावर आलं होतं, मंडप पडायला लागले होते. मग स्पर्धा कुठे? पर्वत पाटियाच्या पुढे एका खाजगी शाळेचं मैदान मिळालं होतं. तेही दोनच दिवस, कारण दुसऱ्या दिवशी संध्याकाळी तिथेही गरब्याचे साउंडवाले येणार होते. आणि ट्रॅक? ‘ए तमे करी लेशो ने.’

तमे करी लेशो! म्हणजे मी. झोनमध्ये पंचवीस शाळा, तितकेच व्यायाम शिक्षक, पण रेषा मारायच्या फक्कीचं पोतं उचलायची वेळ आली की सगळ्यांना माझं नाव आठवतं. माझंही चुकतं. असं कुणी म्हटलं की मी आधी चिडतो आणि मग नाही म्हणत नाही.

मैदानावर चारशेचा ट्रॅक बसेना. बसला असता तर गोलाचा अर्धा भाग वर्गांतून गेला असता. दोनशेचा बसला, सहा लेनचा. सकाळपासून मी आणि शाळेचा शिपाई फीत आणि दोरी घेऊन उन्हात. आतल्या कडेला विटा मांडल्या, म्हणजे कुणी आत पाय टाकणार नाही आणि माप नियमाप्रमाणे विटांपासून तीस सेंटिमीटरवर धरता येईल. बाहेरच्या लेनचं माप आतल्या रेषेपासून वीस सेंटिमीटरवर. हे मी इतक्या काळजीने केलं की शिपाई म्हणाला, ‘साहेब, आमां विमान उतारवानुं छे?’

आणि फेरे. चारशेच्या ट्रॅकवरचा प्रत्येक आकडा दुप्पट करायचा होता. आठशेला दोनाचे चार फेरे. पंधराशेला पावणेचारचे साडेसात, म्हणजे सुरुवात शेवटच्या रेषेच्या बरोब्बर समोरून. तीन हजारला पंधरा. मी कागदावर मोठ्या अक्षरांत लिहून फेरे मोजणाऱ्या दोन्ही बाईंना दिलं, घंटा कधी वाजवायची ते दोनदा समजावलं. मोठ्या मुलामुलींच्या चारशेला दोन फेरे. त्यातला पहिला फेरा आपापल्या लेनमध्ये, मग आत यायला मोकळीक. लेनमध्ये एक पूर्ण फेरा, म्हणून तक्त्यातला चारशेचा रकाना: सात चार, चौदा सत्तर, असं करत सहाव्या लेनला सदतीस मीटर सत्तर. तिथे लाल झेंड्या.

मग दोनशेच्या झेंड्या, पिवळ्या. तक्त्यातला दोनशेचा रकाना बघितला. दुसरी लेन तीन बावन्न, सहावी अठरा पंच्याऐंशी. मारल्या झेंड्या. मैदान बदललं तरी तक्ता बदलत नाही. वळणावर पिवळ्या झेंड्यांची तिरकी रांग अगदी तशीच दिसत होती जशी मी वीस वर्षं स्टेडियमवर बघत आलो होतो. फार बरं वाटलं.

माझ्या शाळेची एक मुलगी त्या वर्षी चौदा वर्षांखालच्या गटात दोनशे पळणार होती. तिचे वडील एका वार्पिंगच्या कारखान्यात बीमवर काम करायचे, म्हणजे मागासाठी सूत मोठ्या रुळावर गुंडाळायचं काम. घर धुळ्याकडचं. दोन खोल्या, तीन भावंडं. पोर अशी पळायची की मी तासाला शिट्टी विसरून नुसता बघत राहायचो. झोनमधून पहिल्या दोघी जिल्ह्याला जाणार होत्या आणि जिल्ह्यातून क्रीडा वसतिगृहासाठी मुली निवडायच्या होत्या. राहणं, जेवण, शाळा, रोज खरा ट्रॅक. ही निवड फक्त चौदाखालच्या गटातून व्हायची आणि पुढच्या वर्षी ती त्या गटात बसणार नव्हती. म्हणजे हीच एक संधी. तिच्या आईने मला रस्त्यात थांबवून विचारलं होतं, ‘तठे पोरीसले जेवन बरं ऱ्हास ना, सर?’ मी म्हटलं होतं, आधी पळू तर द्या.

पहिल्या दिवशी तिची प्राथमिक फेरी झाली. चिठ्ठीत दुसरी लेन आली होती. तीस पॉइंट एक सेकंद, मातीवर. बाकीच्या मागे कुठेतरी येत होत्या. मी संयोजकांना म्हटलं, उद्या बघा.

दुसऱ्या दिवशी अंतिम फेरीच्या चिठ्ठीत सहावी लेन आली. कुणालाच बाहेरची लेन आवडत नाही, कारण सुरुवातीला मागचं कुणी दिसत नाही. मी तिला समजावलं, मागे बघू नको, तुझ्या पायाशी काम. ती ऐकत होती, पण नजर वळणाकडे. सकाळीच मोठ्या मुलींची चारशेची शर्यत तिने बघितली होती.

मग तिने विचारलं, ‘सर, चारशेवाल्या दीदीपण पहिला राऊंड आपल्या लेनमध्येच पळाल्या ना?’

‘हो. मग?’

‘आणि आम्हीपण एकच राऊंड, आपल्या लेनमध्ये.’

‘हो.’

‘मग त्यांची झेंडी तिकडे पुढे आणि माझी इकडे मागे, असं का?’

आता तो क्षण मी किती वेळा आठवून पाहिला असेल. मला तेव्हा काय दिसत होतं ते सांगतो. चहा आला नव्हता. माझा घसा बसला होता. मांडवात कुणीतरी माइक तपासत सारखं ‘हॅलो हॅलो’ करत होतं. पंधराशेच्या शर्यतीत एका बाईंनी सातव्या फेऱ्याऐवजी सहाव्यालाच घंटा वाजवली होती आणि मी नुकताच त्यांच्यावर ओरडून आलो होतो. आणि ही तेरा वर्षांची पोर मला स्टॅगर शिकवत होती.

मी म्हटलं, ‘तुला पळायचंय की ट्रॅक आखायचाय? चारशेचं वेगळं असतं, दोनशेचं वेगळं. जा, उभी राहा.’

ती गेली. पिवळ्या झेंडीपाशी उभी राहिली.

शर्यत अर्ध्या मिनिटाची असते, तिच्याबद्दल किती लिहिणार. पहिल्या वळणावर ती ठीक दिसत होती. पलीकडच्या सरळ भागात ती पुढे होती, पण दुसऱ्या वळणावर आतल्या दोघी तिच्या पुढे निघाल्या. मला वाटलं, आता शेवटी खेचेल. तिने खेचलं. शेवटच्या सरळ भागात तिने अंतर कापलं, पण पुरलं नाही. ती तिसरी आली. पहिल्या लेनची मुलगी पहिली, एकतीस पॉइंट एक. दुसऱ्या लेनची दुसरी. माझी तिसरी, बत्तीस पॉइंट चार.

कालपेक्षा सव्वादोन सेकंद जास्त! माझ्या अंगाचा तिळपापड झाला. धावणाऱ्याचं एका दिवसात इतकं बिघडत नाही. सकाळी काहीतरी खाल्लं असणार, नाहीतर आधीच घाबरली असणार, नाहीतर आपण जिंकतोच असं डोक्यात गेलं असणार. ती गुडघ्यांवर हात ठेवून श्वास घेत होती. म्हणाली, ‘सर, लय लांब वाटलं आज.’

मी तिथल्या तिथे, दोन शाळांच्या मुलींसमोर म्हणालो, ‘नाचता येईना अंगण वाकडं. काल लांब नव्हतं वाटलं?’

तिने मान खाली घातली. बुटांच्या लेस सोडायला लागली. बूट शाळेचे होते, ती ते नेहमी लगेच काढून परत करायची.

निकाल माइकवरून जाहीर झाला. मी पुढच्या शर्यतीकडे गेलो. पाऊण तासाने जेवणाची सुट्टी झाली तेव्हा तिचे वडील माझ्याकडे आले. रात्रपाळी करून तसेच आले होते, डोळे लाल. हातात पोरीचा डबा. मला वाटलं, हे आता निवडीबद्दल रदबदली करणार. पालक करतातच. मी आधीच आवाज चढवून ठेवला.

ते म्हणाले, ‘सर, एक इचारू? राग नका मानू. मी बीमवर काम करस. बाहेरना फेराले जास्ती सूत लागस, हाई माले ठाऊक शे. म्हनीसन तुमीन पोरले पुढे उभी करी ना?’

‘बरोबर.’

‘पन कितलं पुढे, हाई कसं ठरावतस?’

प्रश्न साधा होता. आक्षेप नव्हता त्यात. पण मला वाटलं, पोरीने लगेच बापाला सांगितलं, सर चुकले म्हणून. मी म्हटलं, ‘या. हातच्या कांकणाला आरसा कशाला. फीत आहे, मैदान आहे. तुम्हीच धरा एक टोक.’

आम्ही सहाव्या लेनच्या पिवळ्या झेंडीपासून मोजायला सुरुवात केली. तीस मीटरची फीत, रेषेपासून वीस सेंटिमीटर सोडून, वळणावर थोडं थोडं करत. ते उकिडवे बसून फितीचं टोक मातीत दाबून धरायचे आणि मी पुढे जायचो. त्यांचा हात सराईत होता. फीत कुठे ढिली पडली की मी म्हणायच्या आधी ते ताणायचे. दिवसभर मीटरच मोजणारा माणूस. मी चालता चालता त्यांना शिकवत होतो: लेन सव्वा मीटरची, म्हणून फेऱ्याला इतकं वाढतं, ते मैदान केवढंही असो. ते ‘हां’ म्हणत होते.

पलीकडचा सरळ भाग संपला. दुसरं वळण संपलं. शेवटचा सरळ भाग. दोनशे मीटर झाले तेव्हा मी मान वर केली. शेवटची रेषा अजून पुढे होती. चांगली पुढे होती.

मी म्हटलं, ‘मोजणीत एक फीत चुकली. पुन्हा मोजू.’

ते परत झेंडीपाशी जाऊन टोक धरून बसले. दुसऱ्यांदा मोजताना मी शिकवलं नाही. मोजणी तोंडाने मोठ्याने केली. तीस, साठ, नव्वद. शेवटच्या रेषेवर पोचलो तेव्हा ते टोक सोडून माझ्याजवळ आले आणि फितीवरचा आकडा त्यांनीच वाचला. माझ्याआधी.

‘दोनशे अठरा न वर पंच्याऐंशी. अठरा मीटर जास्ती शे, सर.’

अठरा पंच्याऐंशी. तक्त्यातला आकडा. जेवढं पुढे ठेवलं होतं तेवढंच आणखी पुढे ठेवायला हवं होतं.

तेव्हा मला सगळं एकदम दिसलं. तक्ता चारशेच्या ट्रॅकचा होता. त्या ट्रॅकवर दोनशे मीटर म्हणजे अर्धा फेरा, म्हणून स्टॅगर निम्मा. इथे दोनशे मीटर म्हणजे पूर्ण फेरा. पूर्ण फेरा, पूर्ण स्टॅगर. मैदान बदललं तरी तक्ता बदलत नाही हे खरं, पण तक्ता फेऱ्यांचा असतो, मीटरचा नाही. मी फेऱ्यांचा प्रत्येक आकडा दुप्पट केला, कागदावर लिहून वाटला, घंटेवरून बायकांवर ओरडलो, आणि जिथे फेरा अर्ध्याचा पूर्ण झाला तिथेच माझ्या डोक्यात उजेड पडला नाही.

आणि योग्य जागा तर मैदानावर होतीच. सहाव्या लेनची लाल झेंडी, चारशेवाली. सदतीस सत्तरवर. माझ्याच हाताने रोवलेली, वाऱ्यावर हलत होती. पोर म्हणत होती ती.

वडील विचारत होते, ‘मंग आते?’

मी म्हटलं, ‘चला माझ्याबरोबर.’

संयोजक मांडवात बसून खमण खात होते. मी त्यांना सांगितलं. सगळं सांगितलं, चूक माझी, आखणी माझी, ही फीत, हे माप, चला दाखवतो. ते उठले नाहीत. ऐकून घेतलं, मग नियमांचा कागद काढला. निकाल जाहीर झाल्यापासून अर्ध्या तासात हरकत घ्यावी लागते. दीड तास होऊन गेला होता. मी म्हटलं, ही हरकत नाही, मी आखणारा स्वतः सांगतोय. पुन्हा शर्यत घ्या. सहा मुली, अर्धं मिनिट.

ते म्हणाले, ‘साहेब, एक ज रेस खोटी छे?’

माणूस वाटतो तेवढा भोळा नव्हता. त्यांनी मोजून दाखवलं. दोनशेची प्रत्येक फेरी, मुलांची, मुलींची, तिन्ही गटांची, काल आणि आज, सगळ्या याच झेंड्यांवरून सुटल्या होत्या. दुसऱ्या लेनपासून सहाव्यापर्यंत प्रत्येक जण जास्त पळाला होता. प्राथमिक फेरीत बाहेरच्या लेनमुळे जे बाहेर पडले ते तर अंतिमला आलेच नाहीत. पुन्हा घ्यायची तर सगळी घ्यायला हवी. निम्म्या शाळांच्या गाड्या गेल्या होत्या. इच्छापोरची एक शाळा तर पहाटे निघून आली होती आणि दुपारीच परतली. चार वाजता साउंडवाले येणार. ‘हवे कहो, कोने बोलावुं?’

त्यांचं म्हणणं खोटं नव्हतं आणि म्हणूनच मला त्यांचा जास्त राग आला. मी आवाज चढवला. म्हटलं, निदान निकालावर लिहा की अंतर चुकलं. ते म्हणाले, तुम्हीच लिहा, तुमची सही आहे ट्रॅकच्या दाखल्यावर. दाखला पुढे केला. ‘ट्रॅक नियमानुसार आखलेला आहे’, खाली माझी सही, झोकदार. मी त्याखाली लिहिलं की दोनशे मीटरचा स्टॅगर चुकीचा होता, बाहेरच्या लेन लांब पडल्या, जबाबदारी माझी. त्यांनी कागद फाइलमध्ये ठेवला. त्या फाइलमधून तो पुढे कुठेही गेला नाही, हे मला नंतर दोन महिने हेलपाटे मारल्यावर कळलं. जिल्ह्याच्या ऑफिसात सांगितलं, निवड झोनच्या निकालावरून होते. झोनमध्ये सांगितलं, यादी जिल्ह्याला गेली. मी पत्रं लिहिली, माझ्याच चुकीचे पुरावे जोडले. आपली चूक कबूल करायलाही आपल्याकडे खिडकी सापडत नाही.

त्या दुपारी तिचे वडील मांडवाबाहेर उभे होते. गुजराती त्यांना सगळं कळत होतं, वीस वर्षं सुरतेत काढलेली. मी बाहेर आलो तर मलाच म्हणाले, ‘ऱ्हाऊ द्या सर. तुमनाकडथीन व्हयनं, मुद्दाम थोडंच करं.’ मला वाटलं, यांनी चार शिव्या द्याव्यात. मी यांच्या पोरीला दिल्याच होत्या.

घरी येऊन मी वही काढली. करू नये ते गणित केलं. काल दुसऱ्या लेनमध्ये ती दोनशे तीन मीटर बावन्न पळाली होती, तीस पॉइंट एक सेकंदात. आज सहाव्या लेनमध्ये दोनशे अठरा पंच्याऐंशी, बत्तीस पॉइंट चारमध्ये. दोन्हींचा भागाकार केला. सेकंदाला पावणेसात मीटर. दोन्ही दिवशी. तिने दोन्ही वेळा जीव तोडून सारखंच काम केलं होतं. दोनशेवर थांबवली असती तर साडेएकोणतीसच्या आसपास. पहिली आली ती एकतीसच्या पुढे होती. ही पोर दीड सेकंदाने जिंकली होती आणि मी तिला अंगण वाकडं म्हणालो होतो. अंगण वाकडंच होतं. मीच सारवलेलं.

दुसऱ्या दिवशी प्रार्थनेनंतर मी तिला सगळ्यांसमोर उभं केलं. काल चारचौघांत बोललो होतो, म्हणून कबुलीही चारचौघांत. फळ्यावर आकृती काढली, झेंड्या काढल्या, चूक कुणाची ते सांगितलं. म्हटलं, हिने शर्यतीच्या आधी मला बरोबर प्रश्न विचारला होता आणि मी तो ऐकला नाही. गणिताचे मास्तर मागे उभे होते. ते हसले नाहीत, हेही मला टोचलं.

मग मी तिला विचारलं, ‘तुला काही म्हणायचंय?’

ती म्हणाली, ‘नाही सर.’

नंतर दोन वर्षं ती माझ्याकडे पळाली. वरच्या गटात झोनला दोनदा पहिली आली, पण वसतिगृहाचं दार तोवर बंद झालं होतं. दहावीनंतर घरी साड्यांवर खडे चिकटवायच्या कामाला बसली, म्हणून पळणं सुटलं. त्या दोन वर्षांत मी प्रत्येक ट्रॅक तीनदा मोजला. लेनच्या लेन फितीने, शेवटपर्यंत. लोक हसायचे. आणि प्रत्येक शर्यतीआधी मी तिला जवळ बोलावून मुद्दाम विचारायचो, झेंडी बरोबर वाटते का? बघ नीट. काही शंका असेल तर आत्ता बोल, मी थांबवतो शर्यत.

ती झेंडीकडे बघायचीसुद्धा नाही. ‘तुम्ही सांगाल तिथे उभी राहते, सर,’ म्हणायची आणि जाऊन उभी राहायची.